शंभरातले दहा

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. वर्गात, कँटीनमध्ये, फोनवर आईशी, कुठेही माझी जीभ माझ्याआधी पोचते. पण भित्री मात्र मी कधी नव्हते. त्या मंगळवारपर्यंत तरी नव्हते.

त्या मंगळवारी प्रयोगाला चोवीस माणसं हवी होती आणि आली तेवीस.

आमची प्रयोगशाळा म्हटल्यावर लोकांना नळ्या आणि ॲसिड आठवतं. तसलं काही नाही. एक लांबट खोली, चोवीस टेबलं, चोवीस कॉम्प्युटर आणि प्रत्येक टेबलाला तिन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे शेजाऱ्याचं काही दिसू नये. मी अर्थशास्त्रात पीएचडी करते. आई नातेवाइकांना सांगते, “डॉक्टर होणार, पण ताप आला तर हिच्याकडे येऊ नका.” सहावं वर्ष चालू आहे, शिष्यवृत्तीचे चार महिने उरलेत आणि या खोलीतल्या आकड्यांवर माझा सगळा प्रबंध उभा आहे.

खेळ पोरखेळासारखा सोपा. दोन अनोळखी माणसं. कॉम्प्युटर एकाला देणारा करतो, दुसऱ्याला घेणारा. देणाऱ्याला शंभर गुण मिळतात. त्यातले किती समोरच्याला द्यायचे ते त्याने एकदाच सांगायचं, दहाच्या पटीत. घेणाऱ्यापुढे दोनच बटणं, हो आणि नाही. हो म्हटलं तर वाटणी सांगितल्याप्रमाणे होते. नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. घासाघीस नाही, दुसरी फेरी नाही, समोर कोण आहे ते कधी कळत नाही. शेवटी गुणांचे खरे पैसे मिळतात, आणि शंभर गुण म्हणजे दोन दिवसांची मजुरी, त्यामुळे कुणी गंमत म्हणून खेळत नाही.

आता, जो माणूस फक्त स्वतःच्या फायद्याचं बघतो त्याने काय करावं? घेणाऱ्याने दहालाही हो म्हणावं, कारण दहा हे शून्यापेक्षा जास्त. आणि देणाऱ्याला हे ठाऊक असल्यामुळे त्याने दहाच द्यावेत. हिशेब चोख आहे, फक्त माणसं तसं वागत नाहीत. बहुतेक जण चाळीस-पन्नास देतात. वीसपर्यंत खाली आलं की निम्मे लोक सरळ नाही दाबतात, हातचे पैसे सोडून देतात. म्हणजे लोकांना न्याय प्रिय आहे का? तेही इतकं सरळ नाही. घेणाऱ्याचं ‘नाही’चं बटण काढून घेतलं की देणारे पटकन हात आखडतात. पण अगदी शून्यावरही येत नाहीत. म्हणजे पन्नास देणाऱ्याच्या पोटात थोडा न्याय असतो आणि थोडी भीती, नकाराची भीती. किती न्याय आणि किती भीती, यावरच माझ्या मॅडमनी वीस वर्षं घातलीत. विद्यार्थ्यांवर असले प्रयोग ढिगाने झालेत, आम्ही गावातली कामधंदा करणारी माणसं बोलावत होतो.

पण आमची एक अडचण होती. लोक इतके शहाणे की दहा कुणी देतच नव्हतं. दहा मिळाल्यावर माणूस काय करतो हे बघायचं, तर आधी कुणीतरी दहा द्यायला हवेत ना! अकरा सत्रं झाली आणि त्यात दहाची बोली एकही नाही. मॅडम म्हणायच्या, “खालच्या टोकाला आपल्याकडे अंधार आहे गं.”

तर त्या मंगळवारी, शेवटच्या सत्राला, माणसं तेवीस. नियम असा की एकाला येण्याजाण्याचे पैसे देऊन परत पाठवायचं आणि अकरा जोड्यांवर भागवायचं. मॅडम आजारी, मी एकटीच. आणि माझ्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, मी यादीत चोवीस नंबरला एक माणूस लिहिला. वय एकतीस, व्यवसाय दुकानदार. सगळ्यांना सूचना वाचून दाखवल्या, “तुमच्यासमोर याच खोलीतला दुसरा सहभागी असेल,” हे वाक्य नेहमीच्या ठसक्यात म्हटलं, आणि मागे जाऊन चोवीसच्या आडोशात गुपचूप बसले. कॉम्प्युटरने मला देणारा केलं. मी दहा दाबले.

आमच्या धंद्यात एकच गोष्ट निषिद्ध आहे. खेळायला आलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. मानसशास्त्रवाले बोलतात, त्यांचं त्यांच्यापाशी. आम्ही बोललो तर उद्या कुणी आमच्या सूचनांवर विश्वास ठेवणार नाही, आणि मग कुठल्याच आकड्याला अर्थ राहणार नाही. एका मुलाला याच पायी काढून टाकल्याचं मी स्वतः बघितलंय. वर मी तर नसलेला माणूसही जन्माला घातला होता.

माझ्या पडद्यावर उत्तर यायला दोन मिनिटं लागली. अकरा नंबर. नाही.

शेवटी सगळ्यांना एक रिकामा चौकोन मिळतो, काही सांगायचं असेल तर लिहा म्हणून. लोक लिहितात, एसी कमी करा. अकरा नंबरने लिहिलं होतं, “आजवर घेत आले. आज नाही.”

मॅडमनी ते वाचलं आणि खुर्चीतून उठल्याच. “अगं, हे बघितलंस? या एका ओळीने आपला शेवटचा भाग उभा राहतो!” मी म्हटलं, “हो ना मॅडम.” हसलेसुद्धा.

माणूस किती मूर्ख असतो बघा. मला वाटलं होतं, एक ओळ, तीनशे ओळींमध्ये कुणाच्या डोळ्यांवर येतेय? आता तीच ओळ मॅडमच्या तोंडी दिवसरात्र. विभागात सांगितली, परिषदेला पाठवायच्या गोषवाऱ्यात घातली. कुणी नुसतं “अकरा नंबर” म्हटलं तरी मी विषय बदलायची. दारावर टकटक झाली की वाटायचं, आलं, कळलं. मी यादी काढून बघायची, चोवीसच्या रकान्यातली सही बघायची. मीच केलेली, डाव्या हाताने. ती मला दर खेपेला जास्त खोटी दिसायची. जेवण जाईना. आई फोनवर म्हणाली, “आवाज का असा येतोय? आजारी आहेस का?” मी तिच्यावरच खेकसले.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, प्रयोगशाळेचा फोन वाजला.

“मी त्या खेळाला आले होते,” बाईचा आवाज. “माझा नंबर अकरा होता. मला एक विचारायचंय.”

“विचारा ना,” मी म्हटलं.

“मला दहा कोणी दिले?”

“ते सांगता येत नाही, ताई,” मी म्हटलं. “तसा नियमच आहे. कुणालाच सांगत नाही.” नियम खरा होता. मी त्याच्या आड लहान पोरासारखी लपले.

“नाव नको सांगू. एवढंच सांग, माझा भाऊ होता का? तो देणाऱ्यांत होता. सात नंबर.”

मग ती बोलतच सुटली, मी मध्ये पडलेच नाही. तिची आणि धाकट्या भावाची लाँड्री होती. वडिलांच्या मागे दोघं मिळून चालवत होते. खेळाला दोघं बरोबर आली होती, आणि आम्ही त्यांना एकाच सत्रात बसवलं होतं, हीसुद्धा माझीच हलगर्जी. खेळ संपल्यावर सगळे फाटकाबाहेर उभे राहून एकमेकांना विचारत होते, तुला किती, तुला किती. कुणाला चाळीस, कुणाला पन्नास, एकाला तीस. दहा फक्त तिला.

“तूच सांग,” ती म्हणाली. “अनोळखी माणूस एवढी हिंमत करेल? त्याला धाक असतो, समोरचा नाही म्हणेल. दहा द्यायची छाती घरच्याच माणसाची. ज्याला माहितीये, ही गप्प घेते.”

माझ्या सहा वर्षांच्या वाचनात इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नव्हतं. आणि ते सपशेल चूक होतं.

“तो म्हणतो मी पन्नास दिले. शपथा घेतो. मी म्हटलं, खोटारडा आहेस. वीस वर्षं मोठी इस्त्री त्याची, गल्ला त्याचा, सुट्टी त्याची, मी बोलले नाही. पण आता त्याचं मन मला आकड्यात दिसलं. शुक्रवारी वाटणी करतोय आम्ही. यंत्रं विकायची, दुकान सोडायचं. फक्त एकदा खात्री करावी म्हटलं.”

“मला नाही सांगता येत, ताई.”

“बरं,” ती म्हणाली. “नाही म्हणाली नाहीस तू. म्हणजे तोच.” आणि फोन ठेवला.

मी सात नंबरची नोंद पडद्यावर काढली. सात नंबरने खरंच पन्नास दिले होते, सोळा नंबरच्या बाईला. तिने हो म्हटलं होतं. बिचारा शपथा घेत होता त्या खऱ्याच होत्या.

गुरुवारी सकाळपर्यंत मी स्वतःला काय काय सांगितलं! की बाई वीस वर्षं दबली होती, माझ्या खोट्याने तिला बळच आलं. की ती दोघं आज ना उद्या फुटणारच होती. की मी तोंड उघडलं तर माझं जाईल, मॅडमची वीस वर्षांची इभ्रत जाईल, आई गावभर काय सांगेल. फायद्याचं गणित मांडलं तर उत्तर एकच येत होतं, मूग गिळून बस. गप्प राहण्यात मला सगळं मिळत होतं, आणि बोलण्यात शून्य. हेच मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर शिकवते. वर्गात मुलं हसतात, म्हणतात, असं कोण वागतं? मी वागत होते ना.

आणि खरं सांगू? मला चांगुलपणाने हलवलं नाही. भीतीनेच हलवलं. शुक्रवारनंतर ते दुकान बंद दिसेल आणि मला रोज त्या रस्त्याने जावं लागेल, याची भीती पहिल्या भीतीपेक्षा मोठी झाली, एवढंच. यात न्याय किती होता ते मला आजही सांगता येणार नाही.

लाँड्री सापडायला वेळ लागला नाही. पत्ता मी बुधवारीच अर्जावर बघितला होता, माझ्या रोजच्या रस्त्यावरचाच. आत वाफेचा आणि ओल्या सुताचा वास, एका बाजूला धुण्याची दोन यंत्रं, त्यांवर आधीच किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. अकरा नंबर म्हणजे पंचेचाळिशीची, बारीक चणीची बाई. चादरीची घडी घालत होती. माझा आवाज ऐकूनच तिने मला ओळखलं.

“तोच होता ना?”

“नाही,” मी म्हटलं. “मी होते.”

तिला कळेना. मी सगळं सांगितलं, माणूस कमी पडला, मी चोवीसच्या जागी बसले, दुकानदार म्हणून खोटा माणूस लिहिला, दहा दाबले. बोलता बोलता मी इस्त्रीच्या टेबलाला टेकले आणि हाताला चटका बसला. तिचं तिकडे लक्षही गेलं नाही.

“पण दहा का?” ती म्हणाली. “माझं काय वाकडं होतं तुझ्याशी?”

“काहीच नाही. दहा कुणी देत नाही म्हणून. आम्हाला बघायचं होतं लोक काय करतात.”

“लोक,” ती म्हणाली.

चादर अर्धी घडी घातलेली तशीच राहिली. मग तिने खुर्ची ओढली आणि धपकन बसली. मला वाटलं आता ही मला चपलेने मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती रडत होती, पण चिडून.

“मी त्याला काय काय बोलले माहितीये? आईचं आजारपण काढलं, बापाचं मरण काढलं. त्याच्या बायकोसमोर. तो शपथ घेत होता आणि मी हसत होते.” तिने डोळे पुसले. “आणि तुला एक सांगते. मला तो दहावाला तोच हवा होता. एकदा त्याने उघड उघड थोडकं पुढे करावं आणि मला तोंडावर नाही म्हणता यावं, एवढंच मला हवं होतं. घरात तो कधी दहा म्हणत नाही. घरात तो काहीच म्हणत नाही, नुसतं घेऊन टाकतो. नाही कशाला म्हणू मी?”

मी ती अर्धवट चादर उचलली, उरलेली घडी घालून टेबलावर ठेवली.

“लिहून दे,” ती म्हणाली.

“काय?”

“हेच सगळं. तुझ्या नावाने, सहीने. आता मी त्याला म्हटलं की चुकले, तर तो म्हणेल, यंत्रांना चांगला भाव आला नाही म्हणून मन बदललं. तोंडच्या शब्दाला आता आमच्या घरात किंमत नाही.”

इथे माझी पाचावर धारण बसली. तोंडाने बोलणं वेगळं. बोललेलं नाकारता येतं, मी तसं नकळत ठरवूनच आले होते बहुतेक. कागद म्हणजे संपलं. मी म्हटलं, “ताई, हा कागद बाहेर गेला तर माझी सहा वर्षं जातील. मला काढून टाकतील.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. “वाईट वाटतंय मला तुझं,” ती म्हणाली. खरंच वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. “पण लिही.”

पावतीपुस्तकातल्या एका कोऱ्या पानावर मी लिहिलं. चार ओळी. सही उजव्या हाताने केली.

तिने ते दोनदा वाचलं आणि तिथल्या तिथे भावाला फोन लावला. हातात कागद होता म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकला. मी निघायला हवं होतं, पण थांबले.

“अरे, मी बोलतेय,” ती म्हणाली. “तू खरं बोलत होतास. दहा तू नव्हते दिले. कागद आहे माझ्याकडे, ती मुलगीच आलीये इथे.”

तिने फोनचा आवाज आणखी वाढवला.

“मी देईन असं तुला वाटलं, ताई?” तो म्हणाला. ओरडला नाही. “दहा? तुला? तीन आठवडे तू माझ्याकडे बघत होतीस आणि तुला खरंच वाटत होतं?”

वाटत होतं, हेच खरं उत्तर होतं, आणि त्यावर माझा कागद काही करू शकत नव्हता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. यातलं खोटं काय ते मी सांगितलं होतं, पण जे तिला खरंच वाटलं होतं ते मी कसं परत घेणार होते?

“ये तू दुकानात,” ती शेवटी फोनला म्हणाली. “गल्ल्याचं बोलायचंय. मोठ्या इस्त्रीचं पण. ये.” तो येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. फोन बंद झाला.

मी बाहेर पडले ती सरळ विभागाकडे निघाले. कागद मॅडमपर्यंत पोचायच्या आत मला पोचायचं होतं. वाटलं होतं, बोलून टाकलं की जिवात जीव येईल. कसलं काय! जिन्याच्या प्रत्येक पायरीवर भीती वाढतच होती. वाटेत आईचा फोन आला, मी उचलला नाही. हाताचा चटका आता कुठे दुखायला लागला होता. मॅडमच्या दाराशी उभी राहून मी वाक्य जुळवत होते, आणि पहिला शब्दच सापडत नव्हता. शेवटी तसंच दार ठोठावलं.

“ये, ये,” आतून मॅडम म्हणाल्या, इतक्या खुशीत मी त्यांना वर्षभरात ऐकलं नव्हतं. “बस इथे. तुझ्या अकरा नंबरवरच लिहितेय.”